तापमान वाढेपर्यंत उशीर झालेला असतो: तापमान आणि स्रावाचा तक्ता कसा वाचायचा

प्रश्न: माझं वय २९. सात महिने झाले, आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. पाळी ३३ ते ३६ दिवसांनी येते. गेले तीन महिने मी रोज सकाळी तापमान घेऊन लिहिते. तापमान वाढलं की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही संबंध ठेवतो, तरी दिवस राहत नाहीत. पांढऱ्या पाण्यावरूनही कळतं म्हणतात, पण मला तर कायमच थोडं पांढरं जातं, त्यातून काय ओळखायचं? हा तक्ता नक्की वाचायचा कसा?

उत्तर:

तुमचा तक्ता चुकलेला नाही, त्यावरून तुम्ही निवडलेले दिवस चुकलेत. तापमान वाढलेलं दिसतं तेव्हा बीज फुटून बहुतेक वेळा एक ते दोन दिवस होऊन गेलेले असतात. फुटलेलं बीज १२ ते २४ तासच टिकतं. म्हणजे थर्मामीटरवर वाढ दिसली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही संबंध ठेवत होतात, तेव्हा बीज बहुधा उरलेलंच नव्हतं. तीन महिने तुम्ही नियमाने लिहिलंत, पण कामाचे दिवस दर महिन्याला हातचे निसटत गेले. हे अगदी नेहमी होतं. माझ्याकडे तक्ता घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे, आणि ती कुणी नीट समजावून न सांगितल्यामुळे होते.

तापमान का वाढतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बीज ज्या पिशवीत वाढतं ती पिशवी फुटल्यावर तिचंच रूपांतर एका पिवळ्या गाठीत होतं आणि ती गाठ प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. हे संप्रेरक मेंदूतल्या उष्णता सांभाळणाऱ्या केंद्रावर काम करतं आणि शरीराचं विश्रांतीचं तापमान साधारण अर्धा अंश फॅरनहाइटने वर नेतं. कुणाचं थोडं कमी, कुणाचं थोडं जास्त. पाळी येईपर्यंत ते वरच राहतं. आता क्रम बघा: आधी बीज फुटतं, मग प्रोजेस्टेरॉन वाढतं, मग तापमान चढतं. त्यामुळे तापमान आधी काहीच सांगू शकत नाही, ते फक्त झालेल्या गोष्टीची पावती देतं. वाढीच्या आदल्या दिवशी तापमान एकदम खाली जातं आणि तोच बीज फुटण्याचा दिवस, असंही पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. तशी घसरण अनेकींच्या तक्त्यात कधीच दिसत नाही आणि दिसली तरी ती दुसऱ्याच कुठल्या तरी दिवशी असू शकते. तिच्यावर विसंबू नका.

आधी सांगण्याचं काम स्राव करतो. पिशवीत बीज मोठं होत असताना इस्ट्रोजेन वाढत जातं आणि त्याच्या जोरावर गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथी पातळ, पारदर्शक, निसरडा स्राव तयार करतात. योनीमार्ग एरवी आम्लधर्मी असतो, तिथे शुक्रजंतू काही तासांत मरतात. पण हा पातळ स्राव असला की ते त्यातून पोहत वर जातात, गर्भाशयमुखाच्या घड्यांमध्ये थांबतात आणि पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. बीज फुटून प्रोजेस्टेरॉन आलं की तोच स्राव एका दिवसात घट्ट होतो आणि वाट बंद होते. म्हणून दिवस राहण्याचा काळ हा बीज फुटण्याच्या आधीचा असतो. १९९५ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या २२१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गर्भ राहिला तो फक्त सहा दिवसांच्या आत, बीज फुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. बीज फुटून गेल्यानंतरच्या दिवशी ठेवलेल्या संबंधातून एकही गर्भ राहिलेला आढळला नाही. तुमच्या प्रश्नाचं मूळ या एका निष्कर्षात आहे.

म्हणजे संबंध कधी ठेवायचे ते स्रावावरून ठरवायचं, आणि आपलं वाचन बरोबर होतं का हे नंतर तापमानावरून तपासायचं. दोन्ही एकाच कागदावर लिहायचं ते यासाठी.

आता स्राव ओळखायचा कसा. कायम पांढरं जातं असं तुम्ही लिहिलंय, तर मुळात घाबरू नका. थोडा स्राव रोज असणं हे आजारपण नाही. आपल्याकडे अंगावरून पांढरं जाणं म्हणजे अशक्तपणा, हाडं झिजतात, असं घरोघरी सांगितलं जातं. त्यामुळे पाळीच्या मध्यावर जास्त आणि पाण्यासारखं जायला लागलं की बायका गोळी घेतात किंवा आतून धुवायला लागतात. मूल हवं असताना नेमका जो स्राव हवा, तोच धुऊन टाकला जातो. आतून धुणं बंद करा, बाहेरून साधं पाणी पुरे. मात्र मासळीसारखा वास, खाज, जळजळ, दह्याच्या गुठळ्यांसारखं किंवा हिरवट-पिवळं जात असेल तर तो संसर्ग आहे. तो बरा झाल्याशिवाय तक्ता लिहून उपयोग नाही, कारण स्रावात काहीच धड ओळखू येणार नाही.

तुमचा रोजचा थोडा पांढरा स्राव हा तुमचा पाया समजा. शोधायचं ते त्यात होणारा बदल. पाळी थांबल्यावर चार-पाच दिवस तो पाया नीट ओळखून घ्या, बहुतेकींना तेव्हा कोरडं वाटतं किंवा रोज एकसारखं काहीतरी दिसतं. पुढे तो चिकट होतो, सुकत आलेल्या डिंकासारखा. बोटांमध्ये धरला तर तुटतो, ओढला जात नाही. मग मऊ, पांढरट, पातळ सायीसारखा किंवा अंगाला लावायच्या लोशनसारखा. आणि मग पारदर्शक, ओला, बुळबुळीत. इंग्रजी पुस्तकं याला कच्च्या अंड्यातला पांढरा भाग म्हणतात. अंडं कधी हातात न घेतलेल्या बायकांना मी भेंडी चिरताना सुटणारी तार किंवा कोरफडीच्या पानातला गर आठवायला सांगते. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये घेऊन बोटं हळूच लांब केली की पाकाची सुटते तशी तार सुटते, दोन-तीन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. काहींना तार दिसत नाही, नुसतं पाणी पाणी जातं आणि चालताना निसरडं वाटतं. तेही त्याच दर्जाचं. दिसण्यापेक्षा हे निसरडेपण जास्त भरवशाचं असतं, म्हणून दिवसभरात तिथे कोरडं वाटतंय, ओलं वाटतंय की तेल लावल्यासारखं वाटतंय, याकडे लक्ष ठेवा.

बघायचं कधी? लघवीला किंवा शौचाला जाताना, पाणी वापरण्याच्या आधी. आपण पाण्याने धुतो, त्यामुळे धुतल्यानंतर सगळंच ओलं आणि निसरडं लागतं आणि निम्म्या बायका तिथेच फसतात. स्वच्छ टिश्यू पुढून मागे फिरवायचा आणि तो सरकतो की अडकतो ते बघायचं. शौचाला जोर केल्यावर स्राव खाली येतो, तेव्हा तो सगळ्यात सहज दिसतो. आत बोट घालून शोधायची गरज नाही, आत नेहमीच ओलं असतं. दिवसातून तीन-चार वेळा बघा आणि रात्री झोपताना एकच नोंद करा, दिवसभरात जे सर्वांत पातळ आणि निसरडं दिसलं त्याची. सकाळी सायीसारखं आणि संध्याकाळी तार दिसली, तर त्या दिवसापुढे ‘तार’ लिहायचं.

संबंधांनंतरच्या सकाळी जे बाहेर येतं ते बहुतांशी वीर्य असतं. तेही निसरडं असतं, पण त्याची तार लगेच तुटते आणि ते थोड्या वेळात सुकून जातं. त्या सकाळच्या नोंदीपुढे खूण करा आणि दुपारनंतरचं बघून ठरवा. खोबरेल तेल, लाळ किंवा दुकानातली साधी जेली वंगण म्हणून वापरत असाल तर बंद करा. नोंद बिघडते हे एक, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी शुक्रजंतूंची हालचाल मंदावते हे दुसरं.

निसरड्या स्रावाचा जो शेवटचा दिवस, तो सगळ्यांत महत्त्वाचा. भरपूर स्राव गेला तो दिवस नव्हे, निसरडेपण जाणवलेला शेवटचा दिवस. बीज साधारण त्या दिवशी किंवा त्याच्या एक दिवस मागेपुढे फुटतं. तो शेवटचा होता हे अर्थातच दुसऱ्या दिवशी कोरडं लागल्यावर कळतं. पण त्याने तुमचं काही अडत नाही, कारण तुम्ही निसरडं दिसायला लागल्यापासूनच एक दिवसाआड किंवा रोज संबंध ठेवायचे आहेत. शेवटच्या दिवसाची वाट बघत ‘साठवून’ ठेवायचं नाही. आठवडाभर थांबल्याने शुक्रजंतूंचा दर्जा वाढत नाही.

तापमानाबद्दल आता थोडक्यात, कारण ते घेण्याची सवय तुम्हाला आहेच. फक्त काही गोष्टी तपासून बघा. जाग आल्यावर उठून बसण्याआधी, पाणी पिण्याआधी, बोलण्याआधी घेता का? त्याआधी सलग तीन-चार तास तरी झोप झालेली असते का? जिभेखाली रोज त्याच बाजूला, तोंड मिटून? आपल्याकडे बहुतेक घरांत फॅरनहाइटचं डिजिटल थर्मामीटर असतं, ०.१ अंश दाखवणारं. ते चालतं. दोन दशांश दाखवणारं मिळालं तर उत्तम, पण महिन्याच्या मध्यात थर्मामीटर बदलू नका. कपाळासमोर धरायचं यंत्र या कामाला निरुपयोगी आहे. अर्ध्या अंशाचा फरक पकडायचाय, त्याची चूकच तेवढी असते. ज्या दिवशी ताप, रात्रीचं जागरण, प्रवास, नेहमीपेक्षा तास-दोन तास उशिरा जाग, आदल्या रात्री मद्य किंवा पॅरासिटामॉल असं काही झालं असेल, त्या दिवशीचा आकडा लिहा आणि त्याला गोल करा. वाचताना तो सोडून द्यायचा. पहाटे पाचला नळाला पाणी येतं म्हणून उठावं लागत असेल तर पाचलाच तापमान घ्या आणि सुट्टीच्या दिवशीही गजर पाचचाच लावा, घेऊन झाल्यावर पुन्हा झोपलात तरी चालेल.

वाढ झाली असं कधी म्हणायचं, याचा नियम आहे. लागोपाठ तीन आकडे आधीच्या सहाही आकड्यांपेक्षा वर असले पाहिजेत, आणि त्यातला तिसरा आधीच्या सहांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा निदान ०.४ अंश फॅरनहाइटने वर. एक दिवस चढलं आणि दुसऱ्या दिवशी उतरलं तर ती वाढ नाही. तुम्ही ‘वाढलं’ म्हणून जो दिवस धरत होतात त्यात अशीही काही खोटी वाढ असू शकते, ती तुमच्या कागदावर शोधून बघा.

एक तक्ता प्रत्यक्षच दाखवते. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेचा आहे, तिची पाळीही तुमच्यासारखी ३४ दिवसांच्या आसपास येते. तिला कुणीतरी ‘१४ वा दिवस’ सांगितला होता आणि दोघं वर्षभर १३, १४, १५ हे तीन दिवस सांभाळत होती. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरून तिचे मधले दिवस असे:

१३: ९७.४, कोरडं
१४: ९७.२, डिंकासारखं
१५: ९७.४, डिंकासारखं
१६: ९७.३, सायीसारखं
१७: ९७.५, सायीसारखं, ओलसर
१८: ९७.२, पाणीदार, निसरडं
१९: ९७.४, पारदर्शक, लांब तार
२०: ९७.३, थोडंच, पण तार आणि निसरडं
२१: ९७.४, घट्ट, चिकट
२२: ९७.७, कोरडं
२३: ९७.९, कोरडं
२४: ९८.०, कोरडं

याच्या आधी ११ व्या दिवशी ९७.९ होतं. ती लग्नाहून रात्री दोनला घरी आली होती, तो आकडा गोल करून सोडला. आता २२ वर बोट ठेवा. त्याच्या आधीचे सहा म्हणजे १६ ते २१, त्यातला मोठा ९७.५. २२, २३, २४ तिन्ही त्याच्या वर, आणि २४ चा ९८.० म्हणजे अर्ध्या अंशाने वर. नियम पूर्ण झाला, वाढ खरी. निसरडेपणाचा शेवटचा दिवस २०. दोन्ही खुणा एकमेकींच्या शेजारी पडल्यात, म्हणजे बीज २० किंवा २१ तारखेला नव्हे, पाळीपासून २० व्या किंवा २१ व्या दिवशी फुटलं. (तारीख आणि पाळीचा दिवस यांची गल्लत तपासणीत रोज होते, म्हणून मुद्दाम लिहिलं.) पुढची पाळी ३५ व्या दिवशी आली, म्हणजे बीज फुटल्यापासून १४-१५ दिवसांनी.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, १३ ते १५ हे दिवस तिच्यासाठी फार लवकरचे होते. तेव्हा स्राव कोरडा किंवा डिंकासारखा होता, त्यात शुक्रजंतू पाच दिवस तग धरत नाहीत. बीज १४ व्या दिवशी फुटतं हे २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईसाठी साधारण खरं आहे. पाळी लांबते ती बहुतेक वेळा बीज फुटण्याआधीचा काळ लांबल्यामुळे. फुटल्यानंतरचा काळ १२ ते १४ दिवसांच्या आसपासच राहतो. म्हणून ३३ ते ३६ दिवसांच्या पाळीत बीज १९ ते २२ व्या दिवसाच्या सुमाराला फुटेल असा अंदाज बांधायचा. मोबाइलवरची अ‍ॅपही असाच मागून मोजणारा अंदाज देतात, फक्त एखाद्या महिन्यात बीज आठवडाभर उशिरा फुटलं तर त्यांना ते कळत नाही. तुमच्या स्रावाला कळतं.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. हाच तक्ता तुमचा असता तर तुम्ही २२ आणि २३ व्या दिवशी संबंध ठेवले असते. स्रावाची नोंद बघा त्या दिवशीची: कोरडं. वाट बंद झालेली आणि बीज संपलेलं. तिचे खरे दिवस १६ ते २१ होते, आणि त्यातले उत्तम १८, १९, २०.

पुढच्या महिन्यात तिला मधेच ताप आला आणि तापमानाचा भाग वाया गेला, पण स्राव तिला ओळखता येत होता म्हणून काम अडलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात दोघांनी १७, १९ आणि २० हे दिवस साधले. तापमान वर गेलं ते खाली आलंच नाही. वर गेल्यापासून १८ दिवस होऊनही पाळी आली नाही तर दिवस राहिले असण्याची शक्यता फार मोठी असते, तशी ती सकाळच्या लघवीची तपासणी करूनच आली, दोन रेघा. तिला तसेही कधीतरी दिवस राहिले असते, त्याचं सगळं श्रेय मी तक्त्याला देणार नाही. पण वर्षभर चुकीच्या दिवसांवर गेलं होतं, ते थांबलं.

तक्ता कुठे थांबतो तेही सांगायला हवं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या वंध्यत्वाविषयीच्या मार्गदर्शनात, बीज फुटलं हे ठरवण्यासाठी तापमानाच्या तक्त्याची शिफारस केलेली नाही, कारण त्यावर पुरेसा भरवसा ठेवता येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा असं ते सांगतात. मला हे पटतं. ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा सहज जमतं त्यांना तक्त्याची मुळीच गरज नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा जोडप्यांना मी थर्मामीटर घ्यायला सांगत नाही. पण नवरा पुण्यात आणि बायको लातूरला असते, कुणाची रात्रपाळी असते, घर लहान आणि माणसं दहा असतात. मोजकेच दिवस मिळत असतील तर ते कोणते हे माहीत असलेलं बरं. तुम्हीही दोन दिवसांवर भर देत होतात म्हणून एवढं लिहिलं.

तापमान चढलं म्हणजे प्रोजेस्टेरॉन बनलं एवढंच ते सांगतं. नळ्या मोकळ्या आहेत का, वीर्य ठीक आहे का, हे त्यात दिसत नाही. क्वचित पिशवी न फुटताही प्रोजेस्टेरॉन बनतं आणि तक्ता छान दिसतो. उलट बाजूने, काहींची वाढ इतकी सावकाश असते की नियम लागायला पाच-सहा दिवस जातात, आणि बीज मात्र वेळेवर फुटलेलं असतं. बीज फुटण्यासाठी इंजेक्शन किंवा त्यानंतर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर तापमान औषधाने चढतं, तेव्हा तक्ता बंद ठेवा. बीज फुटावं म्हणून देतात त्या क्लोमिफीनच्या गोळ्यांनी काहींचा स्राव कोरडा पडतो, तेव्हा स्राव न दिसणं म्हणजे बीज न फुटणं असं धरू नका.

पीसीओएस, म्हणजे बीज नियमित न फुटण्याचा संप्रेरकांचा बिघाड, असेल तर चित्र वेगळं दिसतं, आणि तुमची पाळी थोडी लांबते म्हणून हे वाचून ठेवा. निसरडा स्राव दोन दिवस येतो, जातो, आठवड्याने पुन्हा येतो, पुन्हा जातो. शरीर बीज वाढवायचा प्रयत्न करतं आणि मधेच सोडून देतं, असं तीन-तीनदा. अशा वेळी कुठला खरा होता ते फक्त तापमान सांगतं: ज्या निसरड्या दिवसांनंतर वाढ टिकली, ते खरे. आणि महिनाभर एकदाही वाढ टिकली नाही, असे लागोपाठ दोन-तीन तक्ते निघाले, तर बीज फुटत नसण्याची शक्यता आहे. मग आणखी महिने लिहीत बसू नका, डॉक्टरांकडे जा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ओव्हुलेशनच्या पट्ट्याही पीसीओएसमध्ये उगाचच गडद रेघ दाखवू शकतात. एरवी त्या उपयोगी आहेत: रेघ गडद झाल्यापासून साधारण एक ते दीड दिवसात बीज फुटतं. स्राव ओळखायचा आत्मविश्वास येईपर्यंत एक-दोन महिने त्या जोडीला वापरल्यात तर चांगलं, तुमच्या पाळीला १५ व्या दिवसापासून सुरू करा.

तुमचे तीन कागद आता पुन्हा काढा. प्रत्येकावर ‘सहांवर तीन’ हा वरचा नियम लावून वाढीचा पहिला दिवस शोधा आणि त्याच्या आधीच्या सहा-सात दिवसांना रंग द्या. तिन्ही महिन्यांत तो रंग कुठून कुठपर्यंत येतो ते बघा. पुढच्या पाळीत त्यातल्या सर्वांत लवकरच्या दिवसापासून स्रावाकडे लक्ष ठेवा आणि ओलं, निसरडं जाणवलं की एक दिवसाआड संबंध सुरू करा, कोरडं होईपर्यंत. तापमान वाढलं की त्या महिन्याचं काम झालं, तिसरा आकडा मिळाल्यावर पाळी येईपर्यंत थर्मामीटर बाजूला ठेवलंत तरी चालेल. रोज सकाळी आकडा बघून जीव टांगणीला लागतो, आणि बीज फुटल्यानंतरच्या एखाद्या खालच्या आकड्याला काही अर्थ नसतो. पाळी उशिरा होतेय असं वाटलं तर मात्र पुन्हा घ्या.

३५ च्या आतल्या बाईने एक वर्ष प्रयत्न करून मग तपासणीला यावं असं साधारण सांगतात, ३५ च्या पुढे सहा महिने. तुमचे सात झालेत, पण त्यातले तीन तरी चुकीच्या दिवसांवर गेले, म्हणून पाळी अशीच येत राहिली तर अजून चार-पाच महिने घ्यायला हरकत नाही. एक काम मात्र आताच करून घ्या: यजमानांची वीर्य तपासणी. ती सोपी आहे, खर्चिक नाही आणि त्यासाठी दोन ते सात दिवसांचा खंड पुरतो. सोबत तुमची थायरॉइडची टीएसएच तपासणी. आणि पुढे कुणी ‘२१ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉनची तपासणी करा’ असं लिहून दिलं तर तक्ता त्यांच्यासमोर ठेवा. ती तपासणी बीज फुटल्यानंतर सात दिवसांनी करायची असते. २८ दिवसांच्या पाळीत तो २१ वा दिवस येतो, तुमच्या पाळीत साधारण २७ वा किंवा २८ वा. २१ व्या दिवशी तुमचं रक्त घेतलं तर आकडा कमी येईल, बीज फुटत नाही असा शिक्का बसेल आणि गरज नसताना गोळ्या सुरू होतील.